शेवटचा 'ना' कुठून आणायचा?

एकदा जळगावच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं नुसतं उभं राहून ऐका. "धुळ्याची गाडी लागली ना?" "तुम्ही पारोळ्याला उतरणार ना?" "काल तुमच्याकडे पाऊस झाला ना?" "तुमचा मुलगा इंजिनिअर आहे ना?" चार वाक्यं झाली. चारही वाक्यांत कर्ता वेगळा, काळ वेगळा, क्रियापद वेगळं. शेवटी मात्र सगळीकडे तोच एक 'ना'. अहिराणीतही तेच, 'शे ना?' म्हटलं की काम झालं. आपल्या भाषेत हा 'ना' म्हणजे तयार मिळणारा स्पेअर पार्ट आहे. कुठल्याही वाक्याला लावा, बसतो!

आता हीच वाक्यं इंग्रजीत बघा.

"द धुळे बस हॅज कम, हॅजंट इट?"
"यू विल गेट डाउन ॲट पारोळा, वोंट यू?"
"इट रेन्ड येस्टरडे, डिडंट इट?"
"युवर सन इज ॲन इंजिनिअर, इजंट ही?"

इथे एकही शेपटी दुसरीसारखी नाही. इंग्रजीत तयार 'ना' मिळत नाही. प्रत्येक वाक्याचा 'ना' त्याच वाक्यातून तयार करावा लागतो. या शेपटीलाच क्वेश्चन टॅग म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण सगळीकडे "इजंट इट?" लावून मोकळे होतात, म्हणजे खरं तर इंग्रजी कपडे घालून मराठी 'ना'च बोलत असतात. यात लाजण्यासारखं काही नाही. हिंदीवाले 'है ना' म्हणतात, फ्रेंच माणूसही एकच ठरलेली शेपटी लावतो. वेगळी आहे ती इंग्रजीच!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे टॅग बरोबर कोणता हे मला कानाने कळतं. पण आमच्या रूममध्ये चौघींपैकी तिघी मराठी माध्यमाच्या. त्यातली एक चोपड्याजवळच्या गावची, घरी अहिराणी बोलणारी. प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्टची तयारी करताना तिच्यासमोर टॅगचे वीस प्रश्न आले आणि ती म्हणाली, "हाई काय शे वं माय! हरेक वाक्याला नवीन 'ना' शोधत बसायचं का?" मी उत्तरं सांगत गेले आणि ती दरवेळी विचारत गेली, "का?" 'ऐकायला बरोबर वाटतं' हे उत्तर काही इंजिनिअरिंगच्या मुलीला पटत नाही. मग आम्ही दोघींनी बसून त्याची पद्धत लावली. तीच इथे देते.

पहिलं काम : वाक्यातलं हेल्पिंग व्हर्ब पकडणे

टॅगमध्ये मूळ क्रियापद कधीच परत येत नाही. परत येतं ते हेल्पिंग व्हर्ब, म्हणजे सहायक क्रियापद : इज, आर, वॉज, हॅज, विल, कॅन, शुड वगैरे. ('ॲन इंजिनिअर'वाल्या वाक्यातल्यासारखं 'इज' एकटं असलं तरी तेच चालतं.) वाक्यात एकापेक्षा जास्त हेल्पिंग व्हर्ब असली तर पहिलं घ्यायचं. "द मेस हॅज बीन क्लोज्ड सिन्स संडे" यात 'हॅज' आणि 'बीन' दोन्ही आहेत, पण शेपटीत पहिलंच जाणार : "हॅजंट इट?"

पण हेल्पिंग व्हर्ब दिसतच नसेल तर? इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात. आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव त्या लिहून ठेवत. हे इंग्रजीत दोन वाक्यांत मांडू :

"बहिणाबाई कुड नॉट राइट."
"सोपानदेव रोट हर साँग्ज डाउन."

पहिल्यात 'कुड' समोर दिसतंय. दुसऱ्यात नुसतं 'रोट' आहे. मदतनीस कुठे आहे? तो लपलेला आहे. त्याला बाहेर काढायची एकच युक्ती : वाक्याला मनातल्या मनात 'नॉट' लावून बघा. "सोपानदेव डिड नॉट राइट हर साँग्ज डाउन." बघा, 'नॉट' लावायला गेलो तर 'डिड' आपोआप पुढे आला! 'नॉट' ज्या शब्दाला चिकटतो तोच टॅगचा शब्द. म्हणून "सोपानदेव रोट हर साँग्ज डाउन, डिडंट ही?"

ही 'नॉट' ची चाचणी लक्षात ठेवली तर काळांचा तक्ता पाठ करायची गरज राहत नाही. 'फ्लोज' ला नॉट लावा, 'डझ नॉट फ्लो' होतं, म्हणून 'डझंट'. 'गो' ला लावा, 'डू नॉट गो' होतं, म्हणून 'डोंट'. एक काळजी फक्त घ्यायची. ही चाचणी शब्द शोधण्यापुरतीच आहे. वाक्य होकारार्थी की नकारार्थी हे मूळ वाक्य बघूनच ठरवायचं.

याच चाचणीने 'हॅड' चं कोडंही सुटतं. 'हॅड' दिसलं की 'हॅडंट' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण हा शब्द दोन वेगवेगळ्या नोकऱ्या करतो.

"शी हॅड लेफ्ट बिफोर सिक्स." नॉट लावा : "शी हॅड नॉट लेफ्ट." म्हणजे इथे 'हॅड' मदतनीस आहे. टॅग "हॅडंट शी?"

"शी हॅड टु गो टु भुसावळ." नॉट लावा : "शी डिड नॉट हॅव टु गो." इथे 'हॅड' स्वतःच मुख्य क्रियापद झालं, मदतनीस 'डिड' आहे. टॅग "डिडंट शी?" तसंच "दे हॅड लंच ॲट द मेस" याचाही टॅग "डिडंट दे?"

'हॅज' चंही तसंच. "शी हॅज टू ब्रदर्स" याला "डझंट शी?" हे उत्तर सुरक्षित. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत "हॅजंट शी?" दिसतं आणि ते चूक नाही, पण आज 'डझंट' जास्त चालतं.

शॉर्टमध्ये लिहिलेले शब्द

दुसरी अडचण शॉर्ट रूपांची. 'शीज' हे 'शी इज' आहे की 'शी हॅज'? 'ही'ड' हे 'ही हॅड' आहे की 'ही वुड'? लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. इथे पुढचा शब्द बघायचा.

"शीज कमिंग फ्रॉम धुळे." पुढे 'इंग' वालं रूप आहे, म्हणजे 'इज'. टॅग "इजंट शी?"
"शीज टेकन माय कॅल्क्युलेटर." पुढे 'टेकन' आहे, आणि कॅल्क्युलेटर तिनेच घेतलंय, म्हणजे 'हॅज'. टॅग "हॅजंट शी?"
"ही'ड लाइक सम टी." पुढे साधं 'लाइक' आहे, म्हणजे 'वुड'. टॅग "वुडंट ही?"
"ही'ड गॉन होम." पुढे 'गॉन' आहे, म्हणजे 'हॅड'. टॅग "हॅडंट ही?"
"ही'ड बेटर स्टडी." हा ठरलेला प्रकार आहे, मूळ 'हॅड बेटर'. टॅग "हॅडंट ही?" पुढे साधं 'स्टडी' दिसतं म्हणून 'वुड' समजू नका, मधला 'बेटर' शब्द खूण आहे.

दुसरं काम : नॉट गेट

मदतनीस सापडला की खरं काम अर्धं झालं. आता तो होकारार्थी ठेवायचा की नकारार्थी? डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हे सोपं आहे. मध्ये एक नॉट गेट ठेवा. वाक्य होकारार्थी असेल तर टॅग नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर टॅग होकारार्थी. 'कुड नॉट राइट' आत गेलं, बाहेर आलं "कुड शी?" 'रोट' आत गेलं, बाहेर आलं "डिडंट ही?"

पण इनपुट वन आहे की झिरो हे आधी नीट वाचता आलं पाहिजे. घोटाळा होतो तो इथेच. कारण 'नॉट' न लिहितासुद्धा वाक्य नकारार्थी असू शकतं. 'नेव्हर', 'हार्डली', 'सेल्डम', 'नोबडी', 'नथिंग' हे शब्द वाक्यात आले की पूर्ण वाक्य नकारार्थी झालं. "इट हार्डली रेन्स हिअर इन एप्रिल" म्हणजे एप्रिलमध्ये इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. मग टॅग होकारार्थी : "डझ इट?"

सगळ्यात बारीक फरक 'लिटल' आणि 'अ लिटल' मध्ये आहे. होस्टेलच्या टाकीवरून समजून घेऊ.

"देअर इज अ लिटल वॉटर इन द टँक." थोडं का होईना, पाणी आहे. आंघोळ होईल. वाक्य होकारार्थी, टॅग "इजंट देअर?"
"देअर इज लिटल वॉटर इन द टँक." पाणी नसल्यासारखंच आहे. बादली घेऊन खाली जा. वाक्य नकारार्थी, टॅग "इज देअर?"

एका 'अ' ने टॅग उलटला. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' चं अगदी तसंच. "अ फ्यू स्टुडंट्स केम, डिडंट दे?" पण "फ्यू स्टुडंट्स केम, डिड दे?"

उलट बाजूची फसवणूकही असते. 'अनहॅपी', 'इम्पॉसिबल', 'डिसलाइक', 'फेल' हे शब्द अर्थाने नकारार्थी वाटतात, पण ते वाक्याला नकारार्थी करत नाहीत. नकार शब्दाच्या आतच राहतो, क्रियापदापर्यंत पोहोचत नाही. "द बॉइज आर अनहॅपी विथ द मेस" हे व्याकरणाच्या दृष्टीने होकारार्थी विधान आहे. टॅग "आरंट दे?"

एकाच वाक्यात दोन्ही सापळे आले तर काय करायचं? एक वाक्य शेवटपर्यंत सोडवून बघू. "शीज नेव्हर सीन लळिंग फोर्ट." धुळ्याजवळचा लळिंग किल्ला तिने कधी पाहिलेला नाही. पहिली पायरी, 'शीज' च्या पुढे (मधला 'नेव्हर' सोडून) 'सीन' आहे, म्हणून मदतनीस 'हॅज'. दुसरी पायरी, 'नेव्हर' आहे, म्हणून वाक्य नकारार्थी, गेटमधून बाहेर येणार होकारार्थी. तिसरी पायरी, कर्ता 'शी'. उत्तर "हॅज शी?" घाईत "इजंट शी?" लिहिलं तर एका टॅगमध्ये दोन चुका होतात.

तिसरं काम : कर्त्याचं सर्वनाम

हे काम सोपं आहे. नाव असेल तर त्याचं सर्वनाम करायचं, 'द बस' चं 'इट', 'सोपानदेव' चं 'ही'. वाक्य 'देअर' ने सुरू झालं असेल तर 'देअर'च ठेवायचं. फक्त 'एव्हरीवन', 'समवन', 'नोबडी' यांच्यासाठी 'दे' वापरतात, आणि तेव्हा मदतनीसही 'दे' ला शोभेल असा बदलावा लागतो. "एव्हरीवन हॅज सबमिटेड द जर्नल, हॅवंट दे?" वाक्यात 'हॅज' आणि टॅगमध्ये 'हॅव' हे बघून दचकू नका, ते बरोबर आहे. 'नोबडी' असेल तर नकारही मोजायचा : "नोबडी कॉल्ड, डिड दे?"

वाक्यात दोन कर्ते असले तर? "ही थिंक्स आय ॲम लेट" यात मुख्य विधान त्याच्या वाटण्याचं आहे, म्हणून "डझंट ही?" पण बोलणारा स्वतःच 'आय थिंक' म्हणत असेल तर तो आपलं मत नुसतं हळू आवाजात सांगतोय, खरं विधान पुढे आहे. म्हणून "आय थिंक द लॅब इज ओपन, इजंट इट?" आणि "आय डोंट थिंक द लॅब इज ओपन, इज इट?" दुसऱ्या वाक्यात 'डोंट' दिसायला 'थिंक' ला लागलाय, पण नकार लॅबचा आहे. म्हणून टॅग होकारार्थी.

गेट न पाळणारे

थोडे अपवाद आहेत. "आय ॲम लेट" याचा टॅग "आरंट आय?" होतो, कारण 'ॲम' आणि 'नॉट' यांचं जोडरूप प्रमाण इंग्रजीत टिकलेलं नाही. वाक्य नकारार्थी असेल तर मात्र नेहमीसारखंच : "आय ॲम नॉट लेट, ॲम आय?"

"लेट्स गो टु मेहरूण लेक" याला "शॅल वी?" आणि "ओपन द विंडो" किंवा "डोंट बी लेट" अशा आज्ञेच्या वाक्यांना "विल यू?" लावतात. इथे विधानच नाही, प्रस्ताव किंवा सांगणं आहे, त्यामुळे उलटं करण्याचा प्रश्न येत नाही.

शिवाय बोलताना इंग्रज माणूस कधीकधी मुद्दाम गेट काढून टाकतो. "सो यू आर फ्रॉम धुळे, आर यू?" म्हणजे 'अच्छा, म्हणजे तू धुळ्याची का!' हे नवीन कळल्याचं आश्चर्य आहे, चूक नाही. पण पेपरात 'ॲड अ क्वेश्चन टॅग' असं आलं की तिथे नॉट गेटवालंच उत्तर अपेक्षित असतं.

उत्तर देताना खरी परीक्षा

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅग लावता आला नाही तर एक मार्क जातो. टॅगला उत्तर देता आलं नाही तर त्याहून जास्त जाऊ शकतं.

माझ्या त्या चोपड्याच्या मैत्रिणीचीच गोष्ट. डीसी शंट मोटरच्या स्पीड कंट्रोलचं प्रॅक्टिकल होतं. तिने रीडिंग स्वतः घेतली होती, तिच्या शेजारी उभं राहून मी ती लिहून घेतली होती. व्हायव्हाला सरांनी जर्नल बघून विचारलं, "यू हॅवंट कॉपीड दीज रीडिंग्ज, हॅव यू?" ती ठामपणे म्हणाली, "येस सर." सरांनी एकदम वर पाहिलं. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून ती आणखी मोठ्याने म्हणाली, "येस सर!" पुढच्या आठवड्यात तिला पूर्ण प्रॅक्टिकल परत करावं लागलं.

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या डोक्यात मराठी चालू होती. मराठीत "तू कॉपी केली नाहीस ना?" असं विचारलं तर आपण म्हणतो, "हो सर, नाही केली." आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो : तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. इंग्रजीतला 'येस' समोरच्याच्या बोलण्याकडे बघतच नाही. तो फक्त घटनेकडे बघतो. काम झालं असेल तर 'येस', झालं नसेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. म्हणून सरांच्या कानावर 'येस' म्हणजे 'येस, आय हॅव' असं पडलं. म्हणजे कबुलीजबाब! एक इमानदार मुलगी दोनदा, मोठ्या आवाजात, न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन आली.

यावर उपाय टॅगमध्येच आहे. नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबायचं नाही. टॅगमधला मदतनीस उचलून पुढे लावायचा. "नो सर, आय हॅवंट." इंग्रजीत 'येस' च्या मागे कायम होकारार्थी मदतनीस येतो आणि 'नो' च्या मागे नकारार्थी. "येस, आय हॅवंट" अशी जोडी या भाषेत बसत नाही. त्यामुळे आधी मनात खरं काय ते ठरवा : 'आय हॅवंट'. मग त्याच्याशी जुळणारा शब्द आपोआप मिळतो : 'नो'. नॉट गेट इथे नाही बरं का! टॅग बनवताना उलटं करायचं, उत्तर देताना सरळ ठेवायचं.

सरांचा प्रश्न विचारण्याचा सूरही ऐकत जा. टॅगवर आवाज वर गेला तर त्यांना खरंच माहीत नाही, ते विचारतायत. आवाज खाली आला तर त्यांचं मत आधीच झालंय, फक्त तुमची संमती हवीय. "यू डिड धिस अलोन, डिडंट यू?" हे खाली उतरत्या आवाजात आलं तर बहुतेक ती शाबासकी आहे. "येस सर, आय डिड" म्हणा आणि गप्प बसा!

आता तुम्ही सोडवा

उत्तरं खालीच आहेत, पण हात ठेवून झाका.

१. पांझरा फ्लोज थ्रू धुळे.
२. साने गुरुजी टॉट ॲट अमळनेर.
३. वी हॅड टु स्टँड अप टु एरंडोल.
४. समवन हॅज टेकन माय बकेट.
५. युवर रूममेट सेल्डम गेट्स अप बिफोर एट.
६. ही'ड नेव्हर ईटन शेवभाजी बिफोर.

उत्तरं : १. डझंट इट? ('फ्लोज' मध्ये 'डझ' लपलाय.) २. डिडंट ही? ('टॉट' मध्ये 'डिड' लपलाय.) ३. डिडंट वी? (इथे 'हॅड' मदतनीस नाही.) ४. हॅवंट दे? ('समवन' साठी 'दे', म्हणून 'हॅज' चं 'हॅव'.) ५. डझ ही किंवा डझ शी? ('सेल्डम' मुळे वाक्य नकारार्थी.) ६. हॅड ही? (पुढे 'ईटन' म्हणून 'हॅड', आणि 'नेव्हर' मुळे नकारार्थी.)

सहावं वाक्य एका फटक्यात जमलं असेल तर पेपरातला टॅगचा प्रश्न तुम्हाला अडवणार नाही. आणि चौथ्या वाक्यातली बादली ज्याच्याकडे असेल त्याने ती कृपया दुसऱ्या मजल्यावर, रूमच्या बाहेर ठेवावी. विचारलं तर "नो, आय हॅवंट" असं व्याकरणशुद्ध उत्तर आम्हाला चालणार नाही!